सरासरी, सर्वाधिक आणि क्रमांक कसे वाचायचे?

प्रगतिपुस्तक हातात पडलं की पालकांची नजर आधी क्रमांकावर जाते. मी मात्र सरासरीपासून सुरुवात करणार आहे, कारण गफलत तिथेच होते.

समजा, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात गणिताची पन्नास मार्कांची चाचणी झाली. वर्गाचा पट ४०. पेपर दिला ३६ जणांनी, त्यांच्या मार्कांची बेरीज १०८०, म्हणजे सरासरी ३०. चौघं गैरहजर. त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं तर काहीच अडचण नाही. पण तिथे शून्य भरलं, की तेच १०८० चाळिसांनी भागले जातात आणि सरासरी २७ वर येते. तुमच्या मुलीला २८ आहेत. कागदावर ती सरासरीच्या वर दिसते, पण पेपर दिलेल्यांत ती खाली आहे. म्हणून वर्गशिक्षकांना सरळ विचारा, ‘सर, सरासरी किती मुलांची काढलीय?’ विचारण्यात कमीपणा नाही.

आता क्रमांक. याच्यावरून घरात किती रडारड होते, तुम्हीच जाणता. मुलीचा विसावा आला, म्हणजे १९ जणांना तिच्याहून जास्त मार्क आहेत. पण त्यातल्या सहा जणांना २९ आहेत. तिला एकच मार्क जादा मिळाला असता तर क्रमांक चौदावा आला असता! वर पाहा: पहिल्याला ४८, दुसऱ्याला ४३. तिथे पाच मार्कांचं अंतर आणि फरक एका क्रमांकाचा. वर्गाच्या मधल्या भागात मुलं दाटीनं असतात, म्हणून तिथला क्रमांक एका मार्कानं उड्या मारतो. पाच-सहा क्रमांक खाली आले म्हणून पोरीला बोलू नका, आधी मार्क किती कमी झाले ते बघा. शिवाय सारख्या मार्कांना एकच क्रमांक दिल्यावर काही ठिकाणी पुढचे क्रमांक सोडतात, काही ठिकाणी सोडत नाहीत. न सोडणाऱ्या वर्गात चाळीस मुलं असूनही शेवटचा क्रमांक बाविसावा असू शकतो. मग तिथला विसावा म्हणजे जवळजवळ शेवटच. शेवटचा क्रमांक कितवा, तेही विचारून घ्या.

सर्वाधिक गुण हा एकाच मुलाचा आकडा. ४८ असेल तर पेपर सुटण्यासारखा होता, एवढंच त्यावरून कळतं. तोच ३४ असेल तर पेपर अवघड होता किंवा तपासणी कडक झाली असावी.

वेळ संपत आलीय, आणि दोन परीक्षांची तुलना राहिलीच. ती भरभर सांगतो. पहिल्या चाचणीत मुलीला २८, सरासरी ३०. दुसऱ्या चाचणीत २४, सरासरी २२. मार्क चार घटले, पण ती सरासरीच्या दोन खाली होती ती दोन वर आली. एक पेपर ५० चा आणि दुसरा ८० चा असेल तर आधी दोन्हींची टक्केवारी काढा. आणि दोन्ही वेळा गैरहजरांचा हिशेब सारखाच धरलाय ना, ते पाहा.

कोणती उदाहरणं चुकली, हे या तिन्ही रकान्यांत सापडणार नाही. पालकसभेला उत्तरपत्रिका मागून घ्या आणि गेलेले मार्क चुकीच्या उत्तरांचे की कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांचे, हे आधी मोजा.