पैसे फेडले, तरी गहाण जमीन परत देत नाही? गहाण सोडवण्याचा दावा असा चालतो

नमस्कार. आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. घरात अडचण होती, गावातल्या एकाकडून पैसे घेतले, जमीन गहाण लिहून दिली. पुढे पैसे फेडले. आता तो माणूस म्हणतो, "सगळे कुठे दिलेत?" आणि जमीन सोडत नाही. अशा वेळी कोर्टात नेमका कोणता दावा लावायचा? बऱ्याच पक्षकारांची गाडी इथेच चुकते. मी तालुका कोर्टात वकिली करतो, म्हणून जे रोज फाइलीत दिसतं तेच सांगतो.

एक उदाहरण धरून चालू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत.

समजा 2011 साली तुमच्या वडिलांनी दीड एकर जमीन तीन लाखांना गहाण ठेवली. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं गहाणखत आहे. मुदत पाच वर्षं. जमिनीचा ताबा पैसे देणाऱ्याकडे, तोच पीक घेणार, आणि ते पीक व्याजापोटी. म्हणजे वेगळं व्याज नाही, फेडायची ती फक्त मुद्दल. याला आपल्याकडे ताबेगहाण किंवा कब्जेगहाण म्हणतात. जमीन आपल्याच ताब्यात राहिली आणि फक्त बोजा चढला, तर ते नजरगहाण. आपलं उदाहरण ताबेगहाणाचं आहे.

वडिलांनी 2016 साली एक लाख वीस हजार बँकेतून दिले. 2018 साली एक लाख तीस हजारांचा चेक दिला. राहिलेले पन्नास हजार 2019 साली रोख दिले, ओट्यावर बसून, पावती न घेता. 2021 साली वडील गेले. तुम्ही जमीन मागायला गेलात, तर समोरचा म्हणाला, "पन्नास हजार मिळालेच नाहीत."

तुम्हाला राग येणं साहजिक आहे. त्या रागात पक्षकार वकिलाला सांगतो, "पैसे पूर्ण दिलेत, त्याचा ताबा बेकायदेशीर आहे, काढून घ्या." आणि साधा ताब्याचा दावा लागतो. यातला धोका बघा. सगळा दावा "पूर्ण फेड झाली" या एका वाक्यावर उभा राहतो. उलटतपासात ते पन्नास हजार शाबीत झाले नाहीत, की दावाच फेटाळला जाण्याची वेळ येते. पन्नास हजारांच्या वादात दीड एकर अडकते.

त्याऐवजी लावायचा तो गहाण सोडवण्याचा दावा, वकील मंडळी ज्याला रिडेम्पशनचा दावा म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याचं कलम 60 तुम्हाला हा हक्क देतं. पैसे देणं झालं की गहाण घेणाऱ्याने तीन गोष्टी करायच्या: गहाणखत आणि जमिनीचे कागद परत द्यायचे, ताबा त्याच्याकडे असेल तर ताबा द्यायचा, आणि तुमच्या खर्चाने जमीन परत लिहून द्यायची किंवा गहाण संपल्याचं नोंदणीकृत लिहून द्यायचं.

या दाव्यात कोर्ट हिशोब करतं. तुम्ही मागणी अशी लिहायची: कर्ज पूर्ण फिटलं आहे, तसं ठरवून जमीन परत द्यावी, आणि हिशोबात काही रक्कम निघाली, तर ती भरायला वादी तयार आहे, ती घेऊन जमीन परत द्यावी. हे दुसरं वाक्य दाव्यात असलंच पाहिजे. त्या एका ओळीमुळे पन्नास हजार शाबीत झाले नाहीत तरी जमीन हातची जात नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 34 यासाठीच आहे. काही देणं निघालं, तर कोर्ट प्राथमिक हुकूमनामा करतं: अमुक रक्कम बाकी आहे, ती कोर्ट ठरवील त्या तारखेपर्यंत, सहा महिन्यांच्या आत भरा. सबळ कारण दाखवलं तर ही मुदत वाढवूनही मिळते. भरलीत की अंतिम हुकूमनामा आणि जमीन परत. आणि हिशोबात काहीच देणं निघालं नाही, उलट तुम्हीच जास्त दिलेलं निघालं, तर नियम 9 प्रमाणे कोर्ट जमीन परत द्यायचा आणि जादा रक्कमही परत करायचा हुकूम करतं.

आता एक पाऊल पुढे जाऊ. दावा लावण्याआधी किंवा दावा चालू असताना ते वादातले पन्नास हजार, हक्क राखून, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 83 खाली कोर्टात भरता येतात. कोर्ट समोरच्याला नोटीस काढतं. व्याजाचं गहाण असेल तर पूर्ण बाकी भरल्यावर पुढचं व्याज थांबतं. आपल्या ताबेगहाणात फायदा वेगळा आहे. पूर्ण बाकी देऊ केल्यावर किंवा कोर्टात भरल्यावर, त्यानंतरच्या पिकाचा हिशोब समोरच्याला द्यावा लागतो. तो ऊस तोडून नेतोय आणि तुम्ही बांधावरून बघताय, ही परिस्थिती मग त्यालाच महाग पडते. ज्याची ऐपत आहे त्या प्रत्येक पक्षकाराला मी हे करायला सांगतो. पन्नास हजार खरंच दिलेले असताना पुन्हा भरणं जिवावर येतं, मला कळतं. पण ते शाबीत झाले तर परत मिळतात. एकच पथ्य: रक्कम कमी भरली तर हा फायदा मिळत नाही.

[गहाणखताची नमुना प्रत कॅमेऱ्यासमोर धरून, मागची बाजू दाखवत]

आता पुरावा. ही गहाणखताची मागची बाजू. इथे, "आज रोजी रुपये अमुक मिळाले" असं लिहून गहाण घेणाऱ्याची सही आणि तारीख घेतली असती, तर हा वादच उभा राहिला नसता. मूळ गहाणखतावर पैसे मिळाल्याचा असा शेरा असेल तर त्याला नोंदणी लागत नाही. वेगळ्या कागदावरची साधी पावतीही चालते, पण त्यात "गहाण संपले, जमीन मोकळी झाली" असं लिहिलं की तो कागद नोंदणीचा होतो, आणि नोंदणी नसेल तर समोरचा वकील लगेच हरकत घेतो. म्हणून साध्या पावतीत फक्त रक्कम, तारीख आणि "गहाणाच्या पैशापोटी मिळाले" एवढंच लिहून घ्या. गहाण संपल्याचा लेख करायचा तो दुय्यम निबंधकाकडे जाऊनच.

पावती नाहीच, तर? मग आजूबाजूचं गोळा करायचं. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी वडिलांच्या खात्यातून पन्नास हजार काढल्याची पासबुकात नोंद आहे का? त्याच सुमाराला बैल, सोनं, कापूस विकल्याची पट्टी आहे का? ओट्यावर तिसरं कोण बसलं होतं? व्हॉट्सॲपवर समोरच्याने "बाकीचे मिळाले" असं कधी लिहिलंय का? तसा मेसेज असेल तर फोन जपून ठेवा, स्क्रीनशॉटवर भागवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

गहाणखत हरवलंय? दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक 2 आणि दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात गहाणाची नोंद असते. ती ज्या फेरफाराने चढली तो फेरफारही काढा. त्यात दस्ताचा तपशील सापडतो.

दाव्यात पक्षकार कोण, याकडे फार लक्ष द्या. वडिलांचे सगळे वारस हवेत, लग्न झालेल्या बहिणींसकट. एखादा भाऊ समोरच्याला फितूर असेल आणि वादी व्हायला तयार नसेल, तर त्याला प्रतिवादी करा, पण सोडू नका. आणि "माझ्या हिश्श्याची पाऊण एकर तेवढी सोडवतो" असं सहसा चालत नाही. सोडवायची ती पूर्ण जमीन, आपसातली वाटणी नंतर.

आता समोरचा कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, काय म्हणेल? एक, "दावा लावायची मुदत संपली." मुदत कायद्यात गहाण सोडवायला 30 वर्षं आहेत. ताबेगहाणाच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सिंग राम खटल्यात सांगितलंय की ही 30 वर्षं गहाणाच्या तारखेपासून मोजायचीच नाहीत. गहाणाचे पैसे उत्पन्नातून फिटले, किंवा दिले, किंवा कोर्टात भरले, तिथून ती सुरू होतात. त्याचा दुसरा अर्थ नीट ऐका: आपल्या उदाहरणात, फेड 2019 साली पूर्ण झाली असेल तर घड्याळ तिथून चालू आहे. दोन, "मी कूळ आहे." महाराष्ट्र कुळवहिवाट कायद्याच्या कलम 4 ने जमीन ताब्यात असलेल्या गहाणदाराला मानीव कुळातून, म्हणजे कायदा ज्यांना कूळ धरतो त्यांच्यातून, वगळलंय. पीकपाहणीला त्याचं नाव लागलं म्हणून तो कूळ होत नाही. तीन, "इतकी वर्षं वहिवाट आहे, मालकी माझी." गहाण म्हणून घेतलेला ताबा नुसती वर्षं उलटली म्हणून मालकीचा होत नाही.

खरी अडचण चौथ्या उत्तरात आहे: "हे गहाण नाही, खरेदी आहे." कारण अनेकदा कर्जापोटी मुदत खरेदीखतच, म्हणजे मुदतीत पैसे दिले तर जमीन परत द्यायची अशा अटीचं खरेदीखत, लिहून घेतलेलं असतं. अशा वेळी पहिल्यांदा बघायचं, परत करायची अट कुठे लिहिली आहे. त्याच खरेदीखतात असेल, तर ते गहाण ठरू शकतं, आणि मग कोर्ट बाकीच्या खुणा बघतं: किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी होती का, ताबा कोणाकडे राहिला, शेतसारा कोण भरत होता. अट वेगळ्या कागदावर असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 58 प्रमाणे ते गहाण धरता येत नाही. मग 30 वर्षं नाहीत. तो परतखरेदीचा करार ठरतो, आणि त्याची मुदत अवघी तीन वर्षं.

अशा खरेदीखतात अडकलेल्या लोकांसाठी एक दुसरा दरवाजा आहे. पैसे देणारा सावकारीचा धंदा करत असेल, परवाना असो वा नसो, तर महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, 2014 च्या कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. सावकारीत गेलेली जमीन परत द्यायचा हुकूम ते करू शकतात, मग कागदाचं नाव खरेदीखत का असेना. व्यवहार अर्जाच्या आधीच्या 15 वर्षांतला हवा. मात्र मामाने किंवा शेजाऱ्याने एकदाच अडचणीला पैसे दिले, तर ती सावकारी नव्हे. तिथे दिवाणी कोर्टच.

आणि नोटरीसमोर स्टॅम्पवर केलेलं गहाण? शंभर रुपये किंवा त्याहून जास्त मुद्दलेचं असं गहाण नोंदणीशिवाय कायद्याने होतच नाही. तिथे मालकीच्या आधारे ताब्याचा दावा लावावा लागतो, आणि वहिवाटीचा मुद्दा तिथे जड जाऊ शकतो. असा कागद असेल तर वकिलाला या आठवड्यातच भेटा.

अंतिम हुकूमनामा झाल्यावरही समोरचा शेत सोडत नसेल, तर हुकूमनामा अमलात आणण्यासाठी दरखास्त दाखल करायची. त्याला 12 वर्षं मुदत आहे, पण एवढं थांबायचं कारण नाही. बेलीफ जागेवर येऊन ताबा देतो, पंचनामा होतो, ताबेपावतीवर सह्या होतात. ती ताबेपावती आणि हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, आणि इतर हक्कातली गहाणाची नोंद फेरफाराने कमी करून घ्या. नवीन सातबारा हातात आला की तो ओळ न् ओळ वाचून बघा. दाव्याची नोंद राहिली असेल तर तीही त्याच वेळी काढायला लावा.