एअरप्लेन मोड काढला, पण रेंज आलीच नाही

[दृश्य: फोनचा पडदा जवळून. विमानाचं चिन्ह बंद होतं. वरच्या कोपऱ्यात ‘Searching’.]

एअरप्लेन मोड काढला की दोन-चार सेकंदांत रेंज यावी, अशी आपली सवय आहे. इथे ती येत नाही. पडदा चालू आहे, कॅमेरा चालू आहे, घरचं वायफायही लागलंय. फक्त सिमची रेंज नाही.

अशा वेळी बहुतेकांना एकच उपाय सुचवला जातो: नेटवर्क सेटिंग रीसेट करा. या उपायाने अनेकदा रेंज येतेही. पण हे बटण काय काय पुसतं, ते दाबण्याआधी कुणी सांगत नाही. ते सांगायलाच हवं, म्हणून हा व्हिडिओ.

[दृश्य: भिंगाखाली सिमकार्ड. सोनेरी पट्ट्या.]

सुरुवात या तुकड्यापासून करू. यात १५ अंकी ओळख क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे. भारतासाठी ४०४ किंवा ४०५, संयुक्त अरब अमिरातीसाठी ४२४. सोबत एक गुप्त किल्ली असते, ती सिमच्या बाहेर कधीच येत नाही. आणि शेवटची नोंदणी कुठे झाली होती, हेही सिम लिहून ठेवतं.

[दृश्य: गच्चीवरचा टॉवर. खालून वर जाणारा कॅमेरा.]

एअरप्लेन मोड लावताना फोन टॉवरला कळवतो की मी निघालो, आणि मग रेडिओ बंद करतो. मोड काढला की ही सगळी ओळख नव्याने करावी लागते. फोन आधी शेवटच्या ठिकाणची फ्रिक्वेन्सी तपासतो. तुम्ही त्याच खोलीत असाल, तर टॉवर तिथेच सापडतो. पण विमानाने समुद्र ओलांडून आला असाल, तर जुनी फ्रिक्वेन्सी इथे उपयोगाची असेलच असं नाही. मग फोन आपल्याला चालणारे सगळे पट्टे एकेक करून चाळतो. प्रवासानंतरची पहिली रेंज उशिरा येते ती यामुळे. एवढ्यात बिघाड समजू नये.

टॉवर सापडला की नोंदणीची विनंती जाते. नेटवर्क एक आकडा पाठवतं, सिम आपल्या गुप्त किल्लीने त्याचं उत्तर काढतं. उत्तर जुळलं की नोंदणी होते आणि कोपऱ्यात रेषा दिसतात.

उत्तरच आलं नाही, तर? ४जी मध्ये फोन १५ सेकंद वाट पाहतो, १० सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो. असं पाच वेळा. म्हणजे जेमतेम दोन मिनिटं. त्यानंतर तो १२ मिनिटं विचारणंच सोडतो. ही मूळ मुदत. नेटवर्क ती बदलू शकतं. गर्दीच्या जागी, टॉवरवर ताण असताना, अडकलेला फोन काही वेळाने आपोआप सुटतो तो असा. फोन बंद करून चालू केला तर ही मोजणी नव्याने सुरू होते. म्हणून पहिला उपाय रीस्टार्ट. त्यात काहीच गमवायचं नसतं.

[दृश्य: सातारा, पोवई नाक्याजवळचं दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर फोन, शेजारी काकूंचे हात.]

या काकू मुलीकडे शारजाला दोन महिने राहून आल्या. विमानात एअरप्लेन मोड लावला, मुंबईत उतरल्यावर काढला. तेव्हापासून फोन शोधतोच आहे. घरी येऊन बंद-चालू केला, सिम काढून पुसून बसवलं. फरक पडला नाही.

“विमानात ते बटण दाबलं ना, तिथंच काहीतरी झालं बघ,” काकू सांगतात.

दुकानातला तरुण फोन हातात घेतो आणि पहिला प्रश्न वेगळाच विचारतो. “काकू, तिकडं गेल्यावर नेटवर्क कुणी निवडून दिलं होतं का?”

“जावयांनी दिलं होतं. रोमिंगचं पॅक त्याच कंपनीवर चालतं म्हणाले.”

[दृश्य: फोनचा पडदा. ‘Automatically select network’, समोरचा खटका बंद.]

हाच तो खटका. रोमिंगचं पॅक परदेशातल्या ठरावीक नेटवर्कवरच चालणारं असेल, तर ते नेटवर्क हाताने निवडावं लागतं. जावयांनी केलं ते तिथे बरोबरच होतं. पण हाताने निवडलेलं नाव अँड्रॉइड जपून ठेवतो, आणि रेडिओ चालू झाला की पुन्हा तेच मागतो. बऱ्याच फोनमध्ये रीस्टार्टनंतरही ही निवड टिकते. म्हणजे सिम ४०४ चं, टॉवर ४०४ चा, आणि फोन मात्र साताऱ्यात बसून ४२४ चं नेटवर्क शोधतोय. एअरप्लेन मोडने काही बिघडवलेलं नाही. तो काढल्यावर फोनला नव्याने शोध घ्यावा लागला, आणि जुनी निवड तेव्हा आडवी आली.

तरुण खटका चालू करतो.

[दृश्य: खटका हिरवा होतो. काही सेकंद. कोपऱ्यात रेषा येतात. काकूंचा चेहरा.]

हा खटका तुमच्या फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये सापडेल. सॅमसंगमध्ये तो Mobile networks खाली Network operators मध्ये आहे, आयफोनमध्ये Network Selection या नावाने. परदेशाहून आल्यावर रेंज अडकली, तर रीस्टार्टनंतर हात इथे जावा.

आता कुणी विचारेल, रीसेट केलं असतं तरी हेच झालं असतं ना? झालं असतं. रीसेटमध्ये नेटवर्कची निवड पुन्हा स्वयंचलित होतेच. पण काकूंच्या कानाकडे पाहा.

[दृश्य: कानामागचं श्रवणयंत्र, जवळून. काकू फोन कानाला न लावता मुलीशी बोलताहेत.]

ही श्रवणयंत्रं ब्लूटूथने याच फोनला जोडलेली आहेत.

[दृश्य: दुसरा फोन, टेबलावर. ‘Reset options’.]

रीसेट नेमकं काय करतं, ते पाहण्यासाठी आम्ही हा दुसरा, जुना अँड्रॉइड फोन घेतला. जुन्या अँड्रॉइडमध्ये पर्याय एकच दिसतो: Reset Wi-Fi, mobile & Bluetooth. तिन्ही एकदम. फोन स्क्रीनलॉकचा पिन मागतो, पुन्हा एकदा विचारतो, आणि काही क्षणांत काम होतं.

[दृश्य: वायफायची लांब यादी. मग तीच यादी, रिकामी.]

वायफायची सगळी साठवलेली नावं आणि पासवर्ड गेले. घरचं, ऑफिसचं, गावच्या घरचं.

[दृश्य: ब्लूटूथची यादी, रिकामी.]

जोडलेलं घड्याळ, गाडी, इअरफोन, श्रवणयंत्र, सगळं सुटलं. यातलं प्रत्येक यंत्र हातात घेऊन पुन्हा जोडावं लागतं.

मोबाइलच्या बाजूला नेटवर्कची निवड स्वयंचलित झाली. ४जी-५जी ची पसंती मूळ जागी आली. एपीएन, म्हणजे इंटरनेटसाठी फोन कंपनीचा जो पत्ता वापरतो तो, कंपनीच्या मूळ नोंदीवर आला. हाताने भरलेला गेला. डेटा किती वापरायचा याची तुम्ही घातलेली मर्यादाही गेली.

काय राहिलं? फोटो, संपर्क, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप, ॲप्स. यांना रीसेट हातही लावत नाही. या भीतीने कुणी अडून बसू नये.

नव्या अँड्रॉइडमध्ये हे दोन तुकडे वेगळे केलेले आढळतात: मोबाइल नेटवर्क एकीकडे, वायफाय-ब्लूटूथ दुसरीकडे. तुमच्या फोनमध्ये तसं असेल, तर रेंजसाठी फक्त पहिला पुरतो. हे दोन पर्याय वेगळे झाले, ही फार चांगली गोष्ट झाली.

[दृश्य: पडद्यावर ई-सिम पुसण्याची चौकट. बोट तिच्याजवळ थांबतं.]

इथे थांबा. काही फोनमध्ये रीसेटच्याच पानावर ई-सिम पुसण्याची एक चौकट असते. तिच्यावर खूण केली तर ई-सिम फोनमधून जातं. नंबर तुमचाच राहतो, पण ई-सिम पुन्हा उतरवून घ्यायला कंपनीकडे जावं लागतं. आणि त्यासाठी ओटीपी लागला, तर तो याच बंद नंबरवर येणार. त्या चौकटीवर खूण करू नका.

[दृश्य: आयफोनचा पडदा. ‘Reset Network Settings’.]

आयफोनमध्ये वायफायचे पासवर्ड, मोबाइलची सेटिंग, एपीएन आणि तुम्ही स्वतः घातलेलं व्हीपीएन जातं. ऑफिसने व्यवस्थापन प्रणालीतून घातलेलं व्हीपीएन राहतं. फोनला दिलेलं नाव बदलून पुन्हा नुसतं ‘iPhone’ होतं.

[दृश्य: पुन्हा दुकान. तरुण एका फोनमधलं सिम दुसऱ्यात घालतो.]

रीसेटचा उपयोग होणार की नाही, हे आधीच कळू शकतं. सिम दुसऱ्या चालू फोनमध्ये घालायचं. तिथेही रेंज आली नाही, तर दोष सिममध्ये किंवा खात्यात आहे. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. लांब मुक्काम करून आलेल्यांनी हे आधी तपासावं. अशा वेळी नेटवर्क नोंदणीच नाकारतं, आणि फोन कितीही पुसला तरी ते नकारच देणार. दुसरीकडे, सिम त्या फोनमध्ये चाललं आणि तुमच्या फोनमध्ये दुसरं कुठलंच सिम चालत नसेल, तर फोनचा अँटेना किंवा मोडेम पाहावा लागेल. तेही रीसेटने सुधारत नाही.

रीसेट खरं उपयोगी पडतं ते सेटिंगच बिघडलेली असताना. कुणी वेग मिळावा म्हणून `*#*#4636#*#*` दाबून फोन फक्त ४जी वर बांधून ठेवतं आणि विसरतं. मग ४जी नसलेल्या गावात फोन शोधत बसतो. कुणाच्या फोनमध्ये इतक्या जणांनी इतके बदल केलेले असतात की नेमका कुठला नडतोय, ते सापडत नाही. तेव्हा रीसेट जरूर करा.

[दृश्य: वायफायचा क्यूआर कोड पडद्यावर. शेजारी वही, त्यात लिहिणारा हात.]

पण त्याआधी दहा मिनिटं काढा. अँड्रॉइड १० पासून पुढे वायफायच्या शेअर पर्यायात क्यूआर कोड येतो, बहुतेक फोनमध्ये त्याखाली पासवर्डही दिसतो. आयफोनमध्ये iOS १६ पासून साठवलेले पासवर्ड पाहता येतात. ते कागदावर उतरवा. हाताने भरलेलं एपीएन असेल, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. श्रवणयंत्र असेल, तर ते जोडण्याच्या स्थितीत कसं न्यायचं, हे त्याच्या माहितीपत्रकात आधीच पाहून ठेवा.

आणि रीसेटनंतर डेटा रोमिंगचा खटका मूळ स्थितीत जातो, बहुतेक फोनमध्ये म्हणजे बंद. इथे त्याने काही अडत नाही. काकू दिवाळीनंतर पुन्हा शारजाला जाणार आहेत. तशा प्रवासाआधी मात्र तो खटका पाहून घ्यायचा, आणि परतल्यावर नेटवर्कची निवड स्वयंचलित करायची.