‘मी राहतो’ की ‘मी राहते’?

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या गणेशोत्सवात आमच्या कोथरूडच्या सोसायटीने सभासदांच्या ओळखीची एक छोटी पुस्तिका काढायची ठरवली. माझी वहिनी स्थापत्य अभियंता आहे, पुलांचे आराखडे करते. तिच्याकडे स्वतःची ओळख इंग्रजीत तयार होती. वेळ कमी होता, म्हणून तिने ती संगणकाकडून मराठीत करून घेतली आणि मला वाचायला पाठवली. त्यात लिहिलं होतं, ‘मी स्थापत्य अभियंता आहे. मी कोथरूडला राहतो. मी पुलांचे आराखडे तयार करतो. मी १९९८ साली पुण्यात आलो.’ खाली वहिनीने एकच ओळ लिहिली होती, ‘भाऊजी, हा कोण बोलतोय?’

तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. मी भाषेच्या संगणकीय कामात बरीच वर्षं आहे. हा पुरुष कुठून आला, हे मला ठाऊक होतं. पण घरातलंच माणूस त्या वाक्यांतून गायब झालेलं पाहिलं, तेव्हा ते नीट उलगडून सांगावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी एक साधी चाचणी केली. इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं, ‘मी इंजिनिअर आहे आणि मी कोथरूडला राहते’ या अर्थाचं. इंग्रजीत राहतो आणि राहते यांत फरकच नसतो, दोन्हींना एकच क्रियापद. उत्तर आलं, ‘राहतो’. मग बाकी सगळं तसंच ठेवून ‘इंजिनिअर’च्या जागी ‘नर्स’ हा एकच शब्द घातला. उत्तर आलं, ‘राहते’. कोथरूडला राहण्याचा आणि पेशाचा काय संबंध? काहीच नाही. तरी पेशा बदलला आणि क्रियापदाने लिंग बदललं. यंत्राचा असा कल तपासायचा असेल तर हीच पद्धत वापरायची. एकच शब्द बदलायचा, बाकी काही हलवायचं नाही आणि शेवटी काय हलतं ते पाहायचं.

आता आत काय होतं ते पाहू. भाषांतर करणारं न्यूरल नेटवर्क म्हणजे कोट्यवधी आकड्यांची एक मांडणी असते. त्यात व्याकरणाचं पुस्तक नसतं, लिंगवचनाचे नियम कोणी लिहून ठेवलेले नसतात. शिकवताना त्याला इंग्रजी वाक्य आणि माणसाने केलेलं त्याचं मराठी भाषांतर अशा लाखो जोड्या दाखवतात. इंग्रजी वाक्य आणि मराठीचा आधीचा भाग समोर ठेवून पुढचा शब्द कोणता, असं विचारतात. नेटवर्क प्रत्येक शक्य शब्दाला एक संभाव्यता देतं. खरा शब्द पुढे असतोच. त्याला जितकी कमी संभाव्यता दिली असेल तितकी चूक मोठी धरतात आणि ती घटेल अशा दिशेने आतले आकडे किंचित सरकवतात. मग पुढची जोडी. नेटवर्कचं सगळं शिक्षण एवढंच. त्याला जे काही कळतं, ते त्या जोड्यांमधूनच कळतं.

समजा, आपल्या जोड्यांमध्ये ‘मी पुण्यात राहतो’ किंवा ‘राहते’ अशा धर्तीची शंभर वाक्यं आहेत. त्यांतली सत्तर पुरुषांच्या तोंडची आहेत, तीस बायकांच्या. इंग्रजी बाजूला दोन्हींचं रूप अगदी एकसारखं. मग नेटवर्कने काय शिकावं? एकूण चूक सर्वांत कमी होते ती ‘राहतो’ला सत्तर टक्के आणि ‘राहते’ला तीस टक्के संभाव्यता दिली की. आणि ते तसंच शिकतं. इथपर्यंत त्याने काही वावगं केलेलं नाही. जे पाहिलं त्याचं प्रमाण त्याने इमाने राखलं आहे. ‘नर्स’ असलेल्या वाक्यांत हे प्रमाण बायकांकडे झुकलेलं असावं, म्हणून तिथे ‘राहते’ आलं.

गडबड होते ती पुढच्या पायरीवर. भाषांतर बाहेर देताना त्याला एकच शब्द निवडायचा असतो आणि तो बहुधा सर्वांत जास्त संभाव्यतेचा निवडला जातो. सत्तर आणि तीस यांत मोठा आकडा सत्तर. पहिल्या वेळी सत्तर, दुसऱ्या वेळी सत्तर, शंभराव्या वेळीही सत्तरच. म्हणजे शंभर बायकांनी आपापली ओळख भाषांतरित करून घेतली, तर शंभरच्या शंभर ओळखी ‘राहतो’ अशाच येतील. मजकुरात तीस बायका होत्या. उत्तरात एकही उरली नाही.

यंत्र समाजाचा आरसा आहे, असं आपण बऱ्याचदा ऐकतो. मला ते पटत नाही. आरसा सत्तराला सत्तर दाखवतो. इथे सत्तराचे शंभर होतात.

हे केवळ कागदावरचं गणित नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी छायाचित्रं ओळखणाऱ्या एका प्रणालीवर हेच मोजून दाखवलं. शिकवण्यासाठी वापरलेल्या, स्वयंपाक चाललेल्या चित्रांपैकी सुमारे ३३ टक्के चित्रांत स्वयंपाक करणारा पुरुष होता. शिकून झाल्यावर त्या प्रणालीने नव्या चित्रांमध्ये केवळ १६ टक्के वेळा ‘पुरुष’ असं उत्तर दिलं. बहुधा होतं असं, की चेहरा स्पष्ट दिसत असेल तेव्हा नेटवर्क चेहऱ्यावर विसंबतं. तो नीट दिसत नसेल, तेव्हा ते ओट्यावर, भांड्यांवर, चुलीवर विसंबतं आणि कौल बाईकडे जातो. जिथे पुरावा कमी, तिथे सवय बोलते. इंग्रजीतल्या ‘मी’मध्ये तर लिंगाचा पुरावा शून्यच असतो.

मग मुळात ते सत्तर कुठून आले? इंग्रजी-मराठी जोड्या फार ठिकाणी मिळत नाहीत. बायबलची भाषांतरं, सरकारी प्रसिद्धिपत्रकं, पंतप्रधानांची ‘मन की बात’ ही भाषणं, संगणकाच्या पडद्यावरच्या सूचना, हे उघड उपलब्ध असलेलं साहित्य. प्रत्येकात ‘मी’ कोण म्हणतंय ते पाहा. प्रसिद्धिपत्रकात आणि सूचनांमध्ये ‘मी’ क्वचितच येतो. बायबलमध्ये ‘मी’ म्हणणारे बहुतेक संदेष्टे, राजे आणि पौलासारखे पत्रलेखक. ‘मन की बात’मध्ये बहुतेक वेळ बोलणारे एकच, तेही पुरुष. यातल्या कुठल्याही मजकुरात चूक नाही, भाषांतरं चांगली आहेत. पण मराठी बाई रोज स्वतःबद्दल बोलते ती क्रियापदं, ‘मी निघते’, ‘मी विसरले’, ‘मी थांबले होते’, ही त्यात फार थोडी. ती बसमध्ये, मंडईत, फोनवर, मैत्रिणींशी बोलली जातात. त्यांच्या शेजारी इंग्रजी वाक्य लिहून ठेवायला तिथे कोणी नसतं.

चाचणी करणाऱ्यालाही मराठी सहज फसवते, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘मी पूल बांधला’ हे वाक्य घ्या. बोलणारी बाई आहे की पुरुष, सांगता येत नाही, कारण इथे क्रियापद पुलाप्रमाणे चालतं. ‘मी पोळी खाल्ली’चंही तसंच. ‘मी जाईन’ यात लिंग नाही. ‘मी काम करत आहे’ यातही नाही. कोणी चाचणीसाठी अशीच वाक्यं निवडली, तर यंत्र निर्दोष ठरेल. कल आहे तिथेच राहील, फक्त दिसणार नाही. तो दिसतो ‘मी खातो-खाते’, ‘मी गेलो-गेले’, ‘मी जातोय-जातेय’ अशा रूपांत. वहिनीच्या ओळखीत नेमकी अशीच रूपं ओळीने आली होती, म्हणून तिला तो इतका ढळढळीत दिसला. तीच ओळख ‘मी हा पूल बांधला, तो आराखडा काढला’ अशी लिहिलेली असती, तर तिला काहीच खटकलं नसतं.

मोजतानाही जपावं लागतं. मजकुरात ‘गेलो’ किती वेळा आलं हे मोजून पुरुषांची वाक्यं मोजली असं म्हणता येत नाही. ‘आम्ही मैत्रिणी सिंहगडावर गेलो’ हे बायकांचंच वाक्य आहे. उलट ‘गेले’ म्हणजे बाई असंही नाही, ‘पैसे गेले’, ‘काका गेले’. म्हणून वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे ना, हे पाहूनच मोजायचं. आणि कोल्हापूरकडच्या श्रोत्या मनात म्हणत असतील की आम्ही तर ‘मी जातो’ असंच म्हणतो. खरं आहे, आणि ती बोली तितकीच आपली आहे. पण यंत्राने ‘राहतो’ लिहिलं ते कोल्हापूर ओळखून नव्हे, नाहीतर नर्ससाठी ते ‘राहते’वर गेलं नसतं.

यावर एक उपाय करतात तो असा. मजकुरातलं ‘मी’चं प्रत्येक वाक्य घेऊन त्याचं दुसऱ्या लिंगातलं जुळं वाक्य तयार करायचं आणि दोन्ही नेटवर्कला दाखवायची. ‘मी दमलो होतो’ला ‘मी दमले होते’ असं जुळं. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन शब्द एकदम बदलावे लागले, आणि ‘मी थांबलो तेव्हा भाऊ आला’ यात ‘थांबलो’ बदलायचं, ‘आला’ला हात लावायचा नाही. ‘आम्ही गेलो’चं ‘आम्ही गेले’ झालं तर यंत्र नवीच चूक शिकेल. त्यामुळे ही जुळी वाक्यं मराठी जाणणाऱ्या माणसाच्या नजरेखालून जावी लागतात.

एवढं करूनही एक अडचण शिल्लक राहते. सत्तर-तीसचे पन्नास-पन्नास झाले, तरी इंग्रजी ‘मी’ काहीच सांगत नाही. आता पेशावरून कल लागणार नाही, पण निवड नाणेफेकीसारखी होईल. जी माहिती मूळ वाक्यात नाही, ती कितीही मजकूर ओतला तरी त्यातून येत नाही. तिथे दोन्ही रूपं दाखवणं किंवा विचारणं हाच मार्ग उरतो. तुर्की भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे. २०१८ साली गूगलच्या भाषांतर सेवेने तुर्कीतून इंग्रजीत येणाऱ्या काही छोट्या वाक्यांसाठी स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी अशी दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी द्यायला सुरुवात केली. मराठीत ‘मी राहतो’ आणि ‘मी राहते’ अशी शेजारीशेजारी मांडली, तर निवडायला एक क्षण पुरेल.

वहिनीने नंतर पहिल्याच वाक्यात ‘मी एक स्त्री अभियंता आहे’ असं इंग्रजीत घालून पाहिलं. ते वाक्य नीट आलं. पण पुढच्या ओळीत पुन्हा ‘मी कोथरूडला राहतो’, कारण ती प्रणाली एकेक वाक्य सुटं घेऊन भाषांतर करत होती. मागच्या ओळीतली बाई पुढच्या ओळीपर्यंत पोहोचतच नव्हती. शेवटी तिने कागद छापून घेतला, पेन घेतलं आणि राहतोचं राहते, करतोचं करते, आलोचं आले असं हाताने केलं. पुस्तिकेत तेच छापलं गेलं.

नमस्कार.