पस्तीस टक्क्यांचं गाव

श्रोतेहो, नमस्कार. स्पर्धा परीक्षेच्या नीतिशास्त्राच्या पेपरमध्ये केस स्टडी येतात, त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने हा पेपर 2013 पासून मुख्य परीक्षेत आणला. सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर, 250 गुणांचा. त्यात अलीकडे साधारण 120 गुण केस स्टडींचे असतात. आपल्या राज्यसेवेतही वर्णनात्मक पद्धतीबरोबर तो आला, म्हणून आता गावोगावच्या अभ्यासिकांत मुलं साचे पाठ करताना दिसतात. साचा सगळ्यांना माहीत आहे: आधी हितसंबंधी, मग नैतिक पेच, मग मूल्यं आणि शेवटी संतुलित मार्ग. पुन्हा सांगतो, हितसंबंधी, पेच, मूल्यं, मार्ग.

साच्याला माझी हरकत नाही. सातबारासुद्धा साचाच असतो, त्यात काय भरलंय ते बघायचं. मात्र हल्ली वर्तुळं काढून मध्यभागी ‘मी’ लिहायचं आणि चारी बाजूंना हिरव्या-निळ्या शाईने बाण सोडायचे, अशी फॅशन आली आहे. महसूल खात्यात आम्ही वर्षानुवर्षं टिपण्या लिहिल्या, एकाही जिल्हाधिकाऱ्याने बाण मागितले नाहीत. असो.

मी एक प्रसंगच सांगतो आणि मग तो साच्यात घालून बघू.

मी तेव्हा मंडळ अधिकारी होतो. सप्टेंबरचा महिना, सोयाबीन काढणीला आलेलं आणि पाऊस लागला. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की आपल्याकडे ती अतिवृष्टी धरतात, हे शेतकरी श्रोत्यांना मी सांगायला नको. आमच्या मंडळात त्याहून बराच झाला. पंचनाम्यांचे आदेश निघाले. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक, तिघांनी मिळून शेतावर जायचं आणि नुकसान लिहायचं. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. नाव लांबलं, सजा तेवढाच राहिला.

आता एक आकडा लक्षात ठेवा: 33. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच आपत्ती निधीतून मदत मिळते. 2015 च्या आधी हाच आकडा 50 होता. आणि 33 ओलांडले की मदत हेक्टरी ठरलेली. 2022 च्या केंद्रीय निकषांत कोरडवाहूला ती हेक्टरी 8500 रुपये होती, कमाल दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे चाळीस टक्के गेलं काय आणि नव्वद गेलं काय, रक्कम तीच. बत्तीस गेलं तर शून्य.

तर एका गावचा तरुण तलाठी माझ्याकडे पंचनामे घेऊन आला. मेहनती पोरगा, कुणाचा चहासुद्धा फुकट न पिणारा. मी कागद चाळायला लागलो. पहिला शेतकरी 35 टक्के, दुसरा 35, तिसरा 35. पानं उलटत गेलो, अख्खं गाव पस्तीस टक्के! एवढी समान बरसात मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “साहेब, सगळ्यांचंच गेलंय. मी तेहतीसच्या खाली कुणाला ढकलू? मीच लिहिणारा, आणि मीच त्यांच्या पोटावर पाय देऊ?”

श्रोतेहो, इथे लाच नाही, दबाव नाही, पुढारी नाही. एका प्रामाणिक माणसाने दयेपोटी खोटा कागद तयार केला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गावात गेलो. खाली नाल्याकाठची शिवारं, तिथे चार दिवस पाणी तुंबलेलं. शेंगा काळ्या पडलेल्या, दाण्यांना शेंगेतच मोड आलेले. तिथे ऐंशी टक्क्यांच्या वर गेलं होतं. वर माळावर मुरमाड जमीन, पाणी वाहून गेलेलं, पीक जवळपास उभं. तिथे वीस टक्केसुद्धा मोठ्या मनाने लिहावे लागले असते. आणि मधल्या उतारावर एका विधवा बाईचं दोन एकर. ते काठावरचं होतं. डोळ्यांनी बघून तीस म्हणावं की पस्तीस, कळेना.

मग आम्ही नजर-अंदाज सोडला. दोरी घेतली. शेताचे चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागी सारख्या मापाचे चौकोन आखले, बांधापासून थोडं आत, कारण बांधालगतचं पीक नेहमीच फसवतं. प्रत्येक चौकोनातल्या चांगल्या शेंगा आणि गेलेल्या शेंगा वेगवेगळ्या मोजल्या. मोजायला ती बाई स्वतः आणि शेजारचे दोघे बसले. आम्ही फक्त लिहीत होतो. पाच जागांची बेरीज केली, सरासरी काढली. तीस आली.

तलाठी माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तीस लिहायला सांगितलं.

संध्याकाळी चावडीवर यादीचं वाचन ठेवलं. नाव, गट नंबर, क्षेत्र, टक्के, सगळं मोठ्याने. आरडाओरडा झाला, होणारच. मग माळावरचे एक आजोबा उठले. कच्च्या यादीत त्यांना पस्तीस होते, ते आता वीस झाले होते. मला वाटलं, आता हे भांडणार. ते म्हणाले, “सर्कलसाहेब, माझे वीस बरोबर आहेत. मी मोजताना हजर होतो. पण या सुनबाईचे तीस आणि तिच्या लगतच्या खालच्या शेताचे चौतीस. या दोघांच्या मध्ये पाऊस कुठं थांबला, ते मला दाखवा.”

चावडीवर कुणी बोललं नाही. मीही नाही. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतंच, कारण पाऊस कुठेच थांबला नव्हता. थांबला होता तो शासन निर्णय.

आता हाच प्रसंग साच्यात घालू. समजा, पेपरात विचारलं: तुम्ही मंडळ अधिकारी आहात, प्रामाणिक तलाठ्याने सरसकट 35 टक्के लिहिले आहेत, मुदत संपत आली आहे, तुम्ही काय कराल?

पहिलं, हितसंबंधी. मुलं लिहितात: शेतकरी, तलाठी, मी, शासन, समाज. संपलं. पण ‘समाज’ म्हणजे कोण? या प्रसंगात दोन माणसं कागदावर दिसतच नाहीत. एक, नाल्याकाठचा शेतकरी, ज्याचं खरोखर ऐंशी टक्के गेलं. सगळीकडे पस्तीस दिसले की वरच्या तपासणीत अख्खी यादी परत येते, आणि त्याचे हक्काचे पैसे अडकतात. दुसरा, शेजारच्या गावचा शेतकरी, जिथल्या तलाठ्याने खरे पंचवीस लिहिले. आमच्या गावाला मिळालं आणि त्याला नाही, तर त्याला खऱ्याची शिक्षा झाली. म्हणून पुन्हा सांगतो, हितसंबंधी लिहिताना जो गोष्टीत बोलत नाही त्याला शोधा, आणि प्रत्येकाच्या पुढे त्याचं म्हणणं एका ओळीत लिहा. नुसती नावं लिहिलीत तर ती हजेरीची वही होते.

दुसरं, पेच. तलाठ्याने पैसे घेतले असते तर तो पेच नव्हता, गुन्हा होता, आणि तिथे दोन बाजू लिहीत बसायचं नसतं. पेच तेव्हाच, जेव्हा दोन्ही बाजूंना काहीतरी चांगलं असतं. इथे एका बाजूला त्या बाईबद्दलची करुणा आणि दुसऱ्या बाजूला खरा अभिलेख आणि बाकीच्यांशी न्याय. हे एका वाक्यात मांडता आलं नाही, तर केस अजून समजलेली नाही, पुन्हा वाचा.

तिसरं, मूल्यं. इथे मी थोडक्यात सांगतो. सचोटी, करुणा, वस्तुनिष्ठता, पारदर्शकता असे चार शब्द एका ओळीत टाकले की परीक्षक पुढे सरकतो. शब्द कृतीला बांधा. दोरीने मोजलं ही वस्तुनिष्ठता, चावडीवर वाचलं ही पारदर्शकता. सचोटीसाठी महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, 1979 यांचा उल्लेख केला तर चालेल, पण कलमं पाठ करू नका. आणि थोरामोठ्यांची वचनं प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर चिकटवू नका. पाहुण्यांच्या पानात लिंबाची फोड वाढतात तेवढी बस.

चौथं, संतुलित मार्ग. इथे सगळ्यात जास्त गुण जातात, कारण मुलं संतुलित म्हणजे अधलंमधलं असं धरतात. तीस आणि पस्तीसच्या मधले तेहतीस लिहून टाकू! तेही खोटंच की. मार्ग काळाच्या क्रमाने लिहा: आज काय, या आठवड्यात काय आणि नंतर काय. आज, सरसकट यादी पुढे पाठवणार नाही, तहसीलदारांना लेखी कळवून दोन दिवस मागेन. नाल्याकाठचे पंचनामे आधी पूर्ण करून वेगळे पाठवेन, म्हणजे त्यांची मदत थांबणार नाही. या आठवड्यात काठावरची शेतं तिघांच्या समक्ष मोजेन आणि यादी चावडीवर वाचेन. तलाठ्याला समज देईन, ती लेखी. त्याच्या हेतूची नोंदही त्याच कागदावर करेन. पहिल्या वेळेला थेट निलंबनाचा प्रस्ताव लिहिणारी उत्तरं मला क्रूर वाटतात, आणि अव्यवहारीही, कारण पुढचे पंचनामे करणार कोण?

आणि त्या बाईचं काय? करुणा इथे येते, पंचनाम्याच्या रकान्यात येत नाही. आम्ही विचारपूस केली तेव्हा कळलं, तिने संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कधी केलाच नव्हता. पात्र होती, कुणी सांगितलं नव्हतं. तलाठ्यानेच तिचा अर्ज भरला, उत्पन्नाच्या दाखल्यासकट. पीक विमा होता का तेही तपासलं, तो तिने काढलेला नव्हता. म्हणजे नुकसानीचे पैसे तिला मिळाले नाहीत, हे उत्तरात लपवू नका. ज्या मार्गाने कुणाचंच काही गेलं नाही असं तुम्ही लिहिता, त्या मार्गावर परीक्षकाचा विश्वास बसत नाही. कुणाचं काय गेलं आणि ते का स्वीकारलं, हे एका वाक्यात लिहा.

नंतरचं म्हणून, आजोबांचा प्रश्न मी अहवालात घातला. तेहतीसच्या किंचित खाली राहिलेल्या अल्पभूधारकांची वेगळी यादी जोडली आणि एकाच रेषेऐवजी टप्प्याटप्प्याने मदत असावी, असं वर कळवलं. अधिकाऱ्याला रेषा खोडता येत नाही, ती कुठे टोचते ते वर लिहिता येतं.

शेवटी वेळेचं. तीन तास, 250 गुण, म्हणजे वीस गुणांच्या केसला चौदा मिनिटं येतात, आणि उत्तर अडीचशे शब्दांत. माझा हिशेब असा: तीन मिनिटं नुसतं वाचायला आणि न बोलणारा माणूस शोधायला. हितसंबंधी, पेच आणि मूल्यं मिळून शंभर शब्दांच्या आत. उरलेले दीडशे शब्द मार्गाला. बहुतेक उत्तरपत्रिकांत हे प्रमाण नेमकं उलटं असतं. पुढच्या आठवड्यात याच वेळी आपण वरिष्ठांचा तोंडी आदेश आणि तो लेखी कसा मागायचा, ती केस घेऊ. नमस्कार.