हजाराचा हप्ता आणि साठ महिने

(कंपनीतल्या नव्या सहकाऱ्यांसाठी झालेल्या आर्थिक सत्रातलं बोलणं, थोडं आवरून)

मंडळी, अकाउंट्सचा माणूस बोलायला उभा राहिला की लोक आधी घड्याळ बघतात, त्यामुळे मी फार पसारा मांडत नाही. शेअर, फंड, विमा यातलं आज काही नाही. पोस्टाची आरडी, एवढंच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या आयांनी ती अल्पबचत एजंट बाईंकडे भरलेली असणार. आईचं म्हणून तुम्हाला ते जुनाट वाटतं. पण पहिल्या नोकरीत पैसे कुठे टिकतात आणि कुठे गळतात, हे त्या पासबुकात जितकं लख्ख दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

योजना साधी आहे. महिन्याला कमीत कमी शंभर रुपये, पुढे दहाच्या पटीत कितीही. मुदत साठ महिने. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण तुम्ही ज्या दिवशी खातं उघडता त्या दिवशीचा दर पाचही वर्षं तोच राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ६.७ टक्के झाला, मी तोच धरून हिशेब सांगतो. महिना हजार भरलेत तर साठ हजार जातात आणि शेवटी साधारण ७१,३६६ रुपये मिळतात.

इथे लगेच कुणीतरी म्हणतं, सर, अमुक ठिकाणी एक टक्का जास्त मिळतो. मिळत असेल. ७.७ टक्क्यांनी मोजा, ७३,२७६ येतात. फरक १,९१० रुपयांचा, म्हणजे दोन हप्तेसुद्धा नाहीत. पाच वर्षांत दोन हप्ते बुडवलेत की एक टक्का गेलाच. एवढ्या छोट्या रकमेला आणि एवढ्या थोड्या काळात व्याज फारसं काही करू शकत नाही. जे जमतं ते हप्त्यांनी जमतं. म्हणून दर शोधण्यात आठवडे घालवण्यापेक्षा हप्ता केवढा ठेवायचा यावर एक संध्याकाळ घालवा.

आणि गडबड होते ती तिथेच. समजा हातात चोवीस हजार येतात. खोलीभाडं सहा, मेस चार, घरी पाच, गाडीचा हप्ता तीन. सहा उरले. उत्साहाच्या भरात माणूस पाच हजारांची आरडी उघडतो. पेट्रोल, मोबाईल आणि चहा-नाश्त्याला हजार राहिले. पहिला महिना निघतो, दुसराही. तिसऱ्या महिन्यात गाडीची क्लच प्लेट जाते, चौथ्यात चुलत बहिणीचं लग्न, पाचव्यात ‘पुढच्या महिन्यात दोन्ही भरतो’. दंड किरकोळ आहे, शंभरामागे एक रुपया. पाच हजारांच्या हप्त्याला पन्नास. दंडाने कुणी मरत नाही. पण चार हप्ते थकले की खातं खंडित होतं. दोन महिन्यांच्या आत सगळी थकबाकी भरली तर ते पुन्हा चालू करता येतं, नाहीतर त्यात पुढे पैसे टाकता येत नाहीत. थकबाकी किती? वीस हजार. ज्याला महिन्याला पाच हजार जमत नव्हते त्याने एकदम वीस हजार आणायचे! आणि भरलेले पैसे म्हणावेत तर तीन वर्षं होईपर्यंत काढता येत नाहीत.

हाच माणूस हजारावर थांबला असता तर क्लच प्लेटही झाली असती आणि हप्ताही गेला असता. चार हप्ते थकले असते तरी ते चार हजार असते, दिवाळीच्या बोनसमधून भरून टाकण्यासारखे. हप्ता ठरवताना म्हणून चांगला महिना धरू नका. गेल्या सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा, त्यातला सगळ्यात ओढाताणीचा महिना शोधा आणि त्या महिन्यातही जो हप्ता गेला असता तो घ्या. पाचशे आले तर पाचशे. लाजू नका, पासबुक कुणी बघत नाही.

आता तारीख. महिन्याच्या १ ते १५ मध्ये खातं उघडलं तर दर महिन्याचा हप्ता १५ पर्यंत भरायचा. १६ नंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. आपला पगार ७ तारखेला होतो. मग खातं पहिल्या पंधरवड्यात उघडा, म्हणजे पगार आणि हप्ता यांच्यात आठवडाच राहतो. महिनाअखेरची मुदत असली की आपण महिनाअखेरीलाच भरतो, आणि तेव्हा खिशात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं असेल तर तिच्या अ‍ॅपवरून हप्ता भरता येतो. एजंटकडे देणार असाल तर खुशाल द्या, पण अधूनमधून पासबुक मागून घ्या आणि त्यात पोस्टाची नोंद आहे का ते स्वतः पाहा. एजंटच्या कार्डावरची सही म्हणजे पैसे एजंटला मिळाले. पोस्टात जमा झाले की नाही हे पासबुकच सांगतं.

मधेच गरज लागली तर? लागतेच. समजा चार वर्षं झाली, अठ्ठेचाळीस हजार भरलेत आणि वीस हजार हवेत. लोक सरळ खातं मोडतात. तीन वर्षांनंतर मोडता येतं, पण मग अख्ख्या काळाचं व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी मिळतं. मुदतीला एक दिवस उरला असला तरी हाच नियम. चार वर्षांवर ७,१०० च्या आसपास झालेलं व्याज ३,९०० च्या आसपास येतं. तीन हजारांहून जास्त गेले. त्याऐवजी त्याच खात्यावर कर्ज घ्या. बारा हप्ते भरून वर्ष झालं की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळतं, व्याज आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त. वीस हजारांवर ८.७ टक्क्यांनी पूर्ण वर्षाचे १,७४० रुपये; लवकर फेडलेत तर त्याहून कमी. खातं मात्र चालू राहतं. अट एकच, खातं खंडित झालेलं नसावं. मी मघाशी हप्ता लहान ठेवा म्हणून इतका मागे लागलो त्याचं हेही एक कारण.

मर्यादाही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोस्टाने मला कमिशन दिलं. व्याज करपात्र आहे. महागाईच्या पुढे ही योजना फारशी धावत नाही, म्हणून म्हातारपणाची पुंजी इथे जमवायची नसते. आणि क्रेडिट कार्डाची बाकी डोक्यावर असेल तर आधी ती फेडा. तिथे महिन्याला जे व्याज लागतं ते आरडी वर्षभरातसुद्धा भरून देईलच असं नाही.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, पगार वाढला तर हप्ता वाढवता येतो का. नाही, एका खात्याचा हप्ता पाच वर्षं तोच. पण खाती कितीही उघडता येतात. यंदा हजाराचं उघडा. पुढच्या एप्रिलमध्ये पगारवाढीचं पत्र आलं की पाचशेचं दुसरं, जमलं तर त्यानंतरच्या वर्षी तिसरं. यात एक सोय अशी की एखादं वर्ष फारच वाईट गेलं तर धाकटं खातं थकलं तरी मोठ्याला धक्का लागत नाही, आणि पाच वर्षांनंतर दर एप्रिलच्या आसपास एक खातं पिकत राहतं. कागद म्हणाल तर आधार, पॅन, दोन फोटो. फॉर्मवर वारसाचं नाव लिहायला विसरू नका. ती ओळ बहुतेक जण कोरी सोडतात आणि काउंटरवरचे साहेब फॉर्म परत देतात.