डिकीत हेल्मेट मावतं. मेथी मावते का?

अध्यक्षबाईंनी आत्ताच घड्याळ दाखवलंय, तेव्हा विषयाला हात घालते. पत्रिकेत ‘स्कूटरची निवड : तुलनात्मक विचार’ असं भारदस्त काहीतरी छापलंय. माझा विचार एवढाच आहे की स्कूटरची डिकी लिटरमध्ये मोजणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी मंडई केलेली नाही.

हसू नका, तुमच्यातल्या निम्म्याजणी आत्ता खाली स्कूटर लावून आल्यात आणि फूटबोर्डवर पिशवी आहे. आहे ना? बघा.

मागे मी नवी स्कूटर बघायला एका शोरूममध्ये गेले होते. कुठल्या, ते विचारू नका. तिथला मुलगा फार उत्साही. सीट उघडून म्हणाला, “मॅडम, फुल फेस हेल्मेट आरामात बसतं.” मी म्हटलं, “बरं, आता ही पिशवी ठेव.” घरून भरूनच नेली होती, पाच किलो आटा, मेथीच्या दोन जुड्या, दूध, आणि वर नारळ. आटा गेला. मेथी दुमडून गेली. नारळ ठेवल्यावर सीट काही लागेना. तो म्हणाला, “मॅडम, नारळ पुढे हुकाला लावा.” म्हटलं, “आणि मुलीचं हेल्मेट?” तर म्हणे, “ते तर तिच्या डोक्यावर असेल ना!”

त्याचं एका परीने बरोबर आहे, म्हणून तर मी हा प्रसंग इतका ताणतेय. हेल्मेट डोक्यावर असतं तेव्हा डिकी रिकामी असते. पण आमचा रोजचा रस्ता बघा. ऑफिस, मग मंडई, मग शाळा, मग घर. मंडईत मी भाजी घेते तेव्हा मुलगी शाळेत आहे आणि तिचं हेल्मेट डिकीत आहे. म्हणजे अठरा लिटरची डिकी भाजी भरायच्या वेळेला आधीच अर्धी गेलेली. शाळेपाशी हेल्मेट बाहेर येतं, तर त्याच क्षणी दप्तर, डबा आणि चित्रकलेची वही हातात येते. कंपनी सांगते ती रिकामी डिकी दिवसभरात आम्हाला भेटतच नाही! उलट क्रम करून बघा म्हणाल, आधी शाळा, मग मंडई. मग एका हातात मूल, एका हातात पिशवी, आणि ‘आई मला पेरू’ हे वेगळंच.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. डिकी सीटखाली आहे. मूल बसलेलं असलं की ती कुलूपबंद. वाटेत दूध आठवलं की मुलीला उतरवा, सीट उघडा, दूध ठेवा, मुलीला पुन्हा बसवा, आणि मागच्या रिक्षावाल्याची बोलणी खा. बरं, पेट्रोलच्या स्कूटरला डिकीच्या खालीच इंजिन असतं. उन्हाळ्यात अर्ध्या तासात कोथिंबीर मान टाकते आणि लोणी वितळतं. इलेक्ट्रिकला ही भानगड नाही, पण बरोबर चार्जर घेऊन फिरलात तर तो जागा खातो.

म्हणून रोजचं खरं सामान फूटबोर्डवरच जातं, आणि तिथेच सगळी गंमत आहे. तिथे तीन गोष्टी बघा. एक, तळ सपाट आहे का, मधे उंचवटा नको. जुन्या बजाज चेतकवर आमचे वडील मला पुढे उभं करायचे आणि मधल्या उंचवट्यावर माझे पाय घसरायचे, ते अजून आठवतं. दोन, पिशवी ठेवल्यावर दोन्ही पाय तिच्या बाजूने आत राहतात का. टाचा बाहेर लोंबकळायला लागल्या की सिग्नलला पाय टेकवायला उशीर होतो. तीन, पिशवी हँडलला लागते का. हे उभ्या गाडीवर कळत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. हुकाला टांगलेली पिशवी वळणावर झुलते आणि गाडी भलतीकडे ओढते. हुकाला वजनाची मर्यादा असते, ती पुस्तिकेत वाचा. बटाट्याची पिशवी खाली ठेवायची, हुकाला फक्त तिचे बंद अडकवायचे.

आणि पुढे मूल उभं करायचं? नको. जोरात ब्रेक लागला तर त्याचं तोंड हँडलवर आपटतं. शिवाय आपण उतरून दुकानदाराला पैसे देतोय, गाडी चालूच आहे, आणि बाळ मजेत अॅक्सिलरेटर पिळतंय, हेही होतं. उतरलात की चावी काढा. चार वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने चालवणाऱ्याशी बांधणं, हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा, हा नियम 2023 पासून लागू आहे. चार वर्षांवरच्यांना हेल्मेट तर आहेच.

काय? दहा मिनिटं? पाच? अहो, तुलना राहिलीच. बरं, पळत सांगते.

सीटची लांबी. अॅक्टिव्हाची सीट 69 सेंटीमीटरच्या आसपास. चालवणाऱ्या बाईला चाळीस धरा. उरले एकोणतीस. सात वर्षांच्या मुलीला वीस-बावीस, आणि पाठीवरच्या दप्तराला किमान पंधरा. म्हणजे दप्तर मागे हवेत लोंबतंय आणि मुलीला मागे ओढतंय. सुझुकी अॅक्सेसची सीट 85 सेंटीमीटरच्या पुढे आहे, तिथे हेच गणित जुळतं. एथर रिझ्टाची 90. पण पायरी असलेली सीट नको, तिथे मागे बसलेल्या मुलीला पुढे सरकता येत नाही. आणि मुलीचे पाय मागच्या पायठ्याला पोचतात का, तेही तिला बसवूनच बघा.

डिकी. अॅक्टिव्हाची 18 लिटर, कारण पेट्रोलची टाकीही मागेच. टीव्हीएस ज्युपिटर 125 मध्ये टाकी फूटबोर्डखाली नेली, त्यामुळे डिकी 33 लिटर झाली, दोन हेल्मेटं बसतात, पेट्रोलही पुढून भरता येतं, सीट उघडावी लागत नाही. रिझ्टात 34 लिटर, आणि पुढे वेगळा 22 लिटरचा कप्पा बसवून घेता येतो. तो मला सगळ्यात आवडला, कारण मूल बसलेलं असताना उघडतो. नवी अॅक्सेस चोविसाच्या आसपास. आता मेख अशी की टाकी असो की बॅटरी, ती फूटबोर्डखाली घातली की तळ वर येऊ शकतो, आणि उंच बाईचे गुडघे हँडलला लागू शकतात. म्हणजे डिकीत कमावलं ते फूटबोर्डवर गेलं का, हे बसूनच बघायचं.

माझं मत विचाराल तर मंडई मुलाला आणायच्या आधी असेल, तर डिकी मोठी हवी. मूल आधी घेत असाल, तर डिकीपेक्षा लांब सीट आणि सपाट फूटबोर्डाला पैसे मोजा. दोन्ही नको असेल तर शनिवारी वाणसामान घरपोच मागवा. पहिल्या रांगेतून कुणीतरी ‘पुढे जाळीची बास्केट?’ विचारतंय. लावा, पण हेडलाइट झाकला जात नाही ना, ते रात्री भिंतीवर उजेड पाडून बघा. बाकीचे प्रश्न खाली पार्किंगमध्ये घेऊ, टेप माझ्या पर्समध्ये आहे.