वीज गेली तर दुधाचं काय?

मंडळी, एका गावातल्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर करायचं होतं. दीडशेएक सभासद, एक काटा, एक फॅट मशीन, एक संगणक. काम कसं चालतं, असं सचिवांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘दूध आलं, वजन केलं, फॅट काढली, पावती दिली. आणखी काय असतं त्यात?’’

तेवढ्यावर मी यूज केस लिहिली. कुणाला तरी सिस्टिमकडून एक काम पुरं करून घ्यायचं असतं. ते कसं होतं, हे पायरीपायरीनं लिहिलं की झाली यूज केस. इवार जेकबसन या स्वीडिश अभियंत्यानं १९८७ साली ही कल्पना मांडली. माझ्या यूज केसचं नाव होतं ‘दूध स्वीकारणे’. ॲक्टर, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष वापरणारा, इथे संकलक. शेतकरी नाही, कारण तो संगणकाला हात लावत नाही. संकलक सभासद क्रमांक टाकतो, वजन, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, नोंदवतो, सिस्टिम दरपत्रकातून दर काढते, पावती छापते. सचिवांनी वाचलं आणि लगेच मान डोलावली. इतक्या लवकर होकार आला की मला धास्ती वाटते.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे केंद्रावर जाऊन बसलो आणि कागदावर तीन आडवे पट्टे आखले: शेतकरी, संकलक, सचिव. ज्याचं काम त्याच्या पट्ट्यात, चौकोनात. जिथे ‘हो की नाही’ ठरतं, तिथे शंकरपाळी. शंकरपाळीतून दोन बाण निघालेच पाहिजेत. एकच निघत असेल, तर आपण काहीतरी विचारायचं विसरलोय.

सव्वासहाला वीज गेली. काटा बॅटरीवर चालू राहिला, फॅट मशीन बंद. रांग मात्र थांबली नाही. संकलकानं प्रत्येकाचं थोडं दूध बाटलीत काढलं, वर सभासद क्रमांकाची चिठ्ठी लावली, वजन वहीत लिहिलं. वीज आल्यावर फॅट काढली. पावत्या संध्याकाळच्या पाळीला दिल्या.

सचिव खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी हे रोजचंच, त्यात सांगण्यासारखं काय! पण माझ्या आराखड्यात फॅटचा रकाना भरल्याशिवाय नोंद जतनच होत नव्हती. आता यूज केसमध्ये पर्यायी मार्ग आला: ‘फॅट उपलब्ध नसल्यास वजनासह अपूर्ण नोंद ठेवावी, दर काढू नये, पावती रोखावी.’ शिवाय अपूर्ण नोंदींची यादी दाखवणारा एक स्क्रीन वाढला, कारण त्यातली एक जरी राहिली तरी दहा दिवसांच्या बिलात त्या सभासदाचं एका पाळीचं दूध गळणार.

दरपत्रक मात्र मी आकृतीत घातलं नाही. फॅटच्या प्रत्येक पॉइंटला शंकरपाळी काढत बसलो, तर भिंत पुरणार नाही. त्याचा तक्ता वेगळा जोडला.

शेवटची शंकरपाळी पावतीनंतरची. वजन चुकलं, तर दुरुस्ती कोण करणार? संकलक म्हणाला, ‘‘मीच करतो.’’ सचिव म्हणाले, ‘‘माझ्या सहीशिवाय होत नाही.’’ दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, आणि ते पुसायला संचालक मंडळाची पुढची बैठक लागली.